एक आणि दोन यांत मोठा कोण?

चार खाटांचा एक छोटा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. खाटांना क्रमांक दिलेत शून्य, एक, दोन आणि तीन. शून्यापासून मोजायचं, कारण हे काम इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं आहे आणि त्यांची मोजणी तिथूनच सुरू होते. प्रत्येक खाटेशी एक बटण आहे. नर्सच्या टेबलावर मात्र चार दिवे नाहीत, दोनच आहेत. एका दिव्याची किंमत दोन, दुसऱ्याची एक. पहिला पेटला तर दोन नंबरची खाट, दुसरा पेटला तर एक नंबरची, दोन्ही पेटले तर दोन अधिक एक म्हणजे तीन नंबरची. चार तारांवरचा निरोप दोन तारांवर आणणाऱ्या या जोडणीला एन्कोडर म्हणतात.

तो बनवायला फार काही लागत नाही. दोन किंवा तीन नंबरचं बटण दाबलं की मोठा दिवा लागावा. एक किंवा तीन नंबरचं दाबलं की धाकटा. ‘किंवा’ हे काम करणारं गेट म्हणजे ऑर गेट: त्याच्या दोन इनपुटपैकी एकावर जरी १ आला तरी आउटपुट १. म्हणजे दोन ऑर गेटांत काम झालं. बटणांना D0 ते D3 आणि दिव्यांना Y1, Y0 अशी नावं दिली तर हिशेब असा मांडतात (इथे अधिकचं चिन्ह म्हणजे बेरीज नव्हे, ‘किंवा’):

```
Y1 = D3 + D2
Y0 = D3 + D1
```

आता एक आणि दोन नंबरच्या रुग्णांनी एकाच वेळी बटण दाबलं असं समजा. D2 मुळे मोठा दिवा पेटला, D1 मुळे धाकटा. नर्सला दिसले दोन्ही दिवे. ती धावत गेली तीन नंबरच्या खाटेपाशी, आणि तिथला रुग्ण गाढ झोपलेला! ज्यांनी बोलावलं ते दोघेही वाट बघतायत. एन्कोडरने दोघांतला एक निवडला असता तर समजण्यासारखं होतं; त्याने न बोलावलेल्या तिसऱ्याचंच नाव सांगितलं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या किंवा डिप्लोमाच्या डिजिटल लॉजिकच्या पेपरात ‘मूलभूत गेट वापरून प्रायॉरिटी एन्कोडर तयार करा’ असा प्रश्न येतो तो याच घोटाळ्यासाठी. त्याच्याच आसपास आणखी एक प्रश्न हमखास असतो: ‘दोन बिटांच्या संख्यांसाठी मॅग्निट्यूड कंपॅरेटर तयार करा.’ म्हणजे दोन संख्यांत मोठी कोणती, धाकटी कोणती, की त्या समान आहेत, ते सांगणारी जोडणी. पुस्तकात हे दोन धडे वेगळे, वहीत उत्तरं वेगळी, पाठांतरही वेगळं. मला मात्र हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत. त्यांच्या पोटात एकच समीकरण आहे, आणि ते कसं, हेच या लेखात दाखवायचं आहे.

आधी एन्कोडर दुरुस्त करू. नियम असा ठरवायचा की क्रमांक जितका मोठा तितका मान मोठा. तीन नंबरच्या खाटेवर सर्वांत गंभीर रुग्ण ठेवा आणि शून्यावर उद्या घरी जाणारा. तीनने बोलावलं की बाकीच्यांनी काय केलं ते बघायचंच नाही. शिवाय आणखी एक अडचण सोडवायची आहे. दोन्ही दिवे विझलेले असतील तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? शून्य नंबरच्या खाटेने बोलावलंय, की कुणीच बोलावलेलं नाही? म्हणून तिसरा दिवा लागतो, V नावाचा. तो पेटलेला असेल तरच बाकीच्या दोन दिव्यांकडे बघायचं. पेपर तपासताना माझा अनुभव असा की विद्यार्थी सगळ्यात जास्त वेळा विसरतात तो हा V, आणि गुणही तिथेच जातात.

या नियमाचा तक्ता, म्हणजे ट्रुथ टेबल, पाच ओळींत बसतो:

```
D3 D2 D1 D0 | Y1 Y0 V
 0  0  0  0 |  x  x 0
 0  0  0  1 |  0  0 1
 0  0  1  x |  0  1 1
 0  1  x  x |  1  0 1
 1  x  x  x |  1  1 1
```

चार बटणांच्या सोळा शक्यता असताना ओळी पाचच कशा? ही किमया x ची. इनपुटच्या बाजूला x म्हणजे ‘० असो वा १, उत्तर तेच’. त्यामुळे शेवटची एक ओळ आठ शक्यतांचं काम करते, तिच्या वरची चारांचं, तिच्या वरची दोनांचं, आणि पहिल्या दोन ओळी एकेकीच. आठ, चार, दोन, एक, एक: झाले सोळा. आउटपुटच्या बाजूच्या x चा अर्थ मात्र निराळा आहे. तिथे ‘V विझलेला असताना या दिव्यांचं काहीही होवो, कुणी बघणार नाही’ असं म्हणायचं असतं. चिन्ह एकच आणि अर्थ दोन, त्यामुळे इथे पुष्कळजण अडखळतात.

आता तक्त्यावरून गेट काढायची. Y1 केव्हा पेटतो? शेवटच्या दोन ओळींत, म्हणजे D3 किंवा D2 असेल तेव्हा. इथे जुनंच समीकरण चाललं. Y0 पेटतो तो शेवटच्या ओळीत, आणि शिवाय मधल्या ओळीत, जिथे D3 नाही, D2 नाही आणि D1 आहे. ‘नाही’साठी नॉट गेट, ते ० चा १ आणि १ चा ० करतं, आणि लिहिताना त्याच्यासाठी अक्षरापुढे ' अशी खूण करतात. ‘आणि’साठी अँड गेट, त्याचे सगळे इनपुट १ असले तरच आउटपुट १. तर Y0 असा:

```
Y0 = D3 + D3'·D2'·D1
   = D3 + D2'·D1
```

दुसऱ्या ओळीत D3' गळून पडलं, ते का? D3 जर १ असेल तर पहिल्याच पदाने उत्तर १ करून टाकलंय. दुसऱ्या पदात काय होतंय याला अर्थ नाही. आणि D3 जर ० असेल तर D3' आपोआप १ आहे, त्याला विचारून उपयोग नाही. म्हणजे दोन्हीकडून ते निरुपयोगी. ही काटछाट नीट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

जुन्या Y0 मध्ये नुसता D1 होता, नव्यात D1 च्या वाटेवर D2' नावाचा पहारेकरी उभा राहिला. दोन नंबर बोलत असेल तर एक नंबरचा आवाज पुढे जाऊच द्यायचा नाही. साध्या एन्कोडरचा प्रायॉरिटी एन्कोडर झाला तो एवढ्या एका नॉट आणि एका अँड गेटामुळे. V तर चारही बटणांचं ‘किंवा’.

ब्रेडबोर्डवर हे उतरवताना एक छान गोष्ट घडते. ऑर गेटांची नेहमीची आयसी म्हणजे ७४३२. तिच्या पोटात दोन इनपुटची चार ऑर गेट असतात. पहिलं Y1 साठी वापरा, दुसरं Y0 साठी. तिसऱ्यात D1 आणि D0 जोडा, आणि त्याचं आउटपुट व Y1 चौथ्यात दिलं की V तयार. Y1 मध्ये D3 आणि D2 आधीच आलेत ना! चारही गेट संपली, एकही उरलं नाही. सोबत ७४०४ मधलं एक नॉट आणि ७४०८ मधलं एक अँड. प्रत्येक आयसीच्या १४ नंबरच्या पिनला पाच व्होल्ट आणि ७ नंबरच्या पिनला ग्राउंड.

इथे एक सावधगिरी. काही वर्षांपूर्वी एका प्रॅक्टिकलला एका गटाचे तिन्ही दिवे सतत पेटलेले होते. कुठलंही बटण दाबा, उत्तर तीन. मुलांनी ७४३२ दोनदा बदलून पाहिली. खरी गोष्ट अशी होती की D3 ची तार ब्रेडबोर्डवर शेजारच्या ओळीत खोचली गेली होती, म्हणजे गेटाचं इनपुट कशालाच जोडलेलं नव्हतं. टीटीएल जातीच्या आयसीत मोकळं इनपुट ० धरलं जात नाही, ते १ असल्यासारखं वागतं. आणि आपल्या जोडणीत D3 चा १ म्हणजे बाकी सगळ्यांची तोंडं बंद. मल्टिमीटर लावला की हे लगेच कळतं: खरा ० असेल तर ०.८ व्होल्टच्या आत आकडा दिसायला हवा, खरा १ असेल तर २ च्या वर. मोकळ्या पिनवर मात्र दीड व्होल्टच्या आसपासचा, ना इकडचा ना तिकडचा आकडा दिसतो. ७४एचसी जातीची सीमॉस आयसी असेल तर आणखी पंचाईत, कारण तिचं मोकळं इनपुट नुसता हात जवळ नेला तरी मत बदलू शकतं. तेव्हा वापरात नसलेलं इनपुट ग्राउंडला जोडायचंच.

आता कंपॅरेटर. एका उमेदवाराला ४,५२१ मतं आणि दुसऱ्याला ४,४९९. कोण जिंकला हे सांगायला वजाबाकी कुणी करत नाही. हजारांच्या जागी दोघांना चार, म्हणजे तिथे काही ठरलं नाही. शेकड्यांच्या जागी पाच आणि चार, खेळ संपला. दुसऱ्याच्या संख्येत पुढे दोन दणदणीत नऊ आहेत, पण त्यांचं ऐकतो कोण? डावीकडून पहिला फरक जिथे पडेल तिथेच निकाल. घरात मोठा बोलला की धाकट्यांनी गप्प बसायचं, तशातला हा प्रकार.

दोन बिटांच्या संख्यांनाही हाच नियम लावायचा. A च्या दोन बिटांना A1, A0 म्हणू आणि B च्या बिटांना B1, B0. प्रत्येक जागी दोन प्रश्न विचारायचे: इथे A वरचढ आहे का, म्हणजे A चं बिट १ आणि B चं ०? की B वरचढ आहे? पहिल्याला G म्हणू, दुसऱ्याला L. दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली तर त्या जागी बरोबरी. मोठ्या जागेवरच्या बरोबरीला S1 म्हणू. पेपरात अपेक्षित असलेलं उत्तर असं:

```
G1 = A1·B1'    L1 = A1'·B1
G0 = A0·B0'    L0 = A0'·B0
S1 = (G1 + L1)'

A>B :  G = G1 + S1·G0
A<B :  L = L1 + S1·L0
A=B :  E = (G + L)'
```

वाचायला सोपं आहे. A मोठा, जर डाव्या जागी वरचढ असेल. किंवा डाव्या जागी बरोबरी असून उजव्या जागी वरचढ असेल. कुणीच वरचढ नाही तर समान. गेट मोजून पाहा: नॉट सहा, अँड सहा, ऑर चार. ७४०४ मध्ये नॉट असतात बरोबर सहा आणि ७४३२ मध्ये ऑर बरोबर चार. अँडसाठी तेवढ्या दोन ७४०८ लागतात आणि दुसरीतली दोन गेट शिल्लक राहतात.

हाच प्रश्न ट्रुथ टेबल मांडून के-मॅपनेही सुटतो. चार इनपुट म्हणजे सोळा घरं. सहांत A मोठा, सहांत B मोठा, चारांत समान. बेल लॅब्जच्या मॉरिस कार्नो यांनी १९५३ साली मांडलेली ही पद्धत चार इनपुटपर्यंत हाताला सोयीची आहे. पण परीक्षकाने ‘चार बिटांच्या संख्या घ्या’ म्हटलं की आठ इनपुट होतात आणि तक्ता २५६ ओळींचा. त्यातल्या १६ मध्ये समान आणि १२० + १२० मध्ये मोठी-लहान, एवढं सांगून होईल, पण के-मॅप काढत कुणी बसणार नाही. वरची पद्धत मात्र तशीच वाढत जाते: चौथ्या बिटाचा निकाल, नाहीतर चौथ्याची बरोबरी आणि तिसऱ्याचा निकाल, असं खाली खाली.

आता G चं समीकरण पुन्हा बघू. S1 म्हणजे ‘G1 नाही आणि L1 नाही’. ते आत घालून लिहिलं तर:

```
G = G1 + G1'·L1'·G0
  = G1 + L1'·G0
```

हे ओळखीचं वाटतं का? मघाशी D3' जसं गळालं तसंच इथे G1' गळालं. आणि उरलं ते प्रायॉरिटी एन्कोडरच्या Y0 सारखं नाही, तेच आहे. D3 च्या जागी G1, D2 च्या जागी L1, D1 च्या जागी G0. म्हणजे वॉर्डातली जोडणी जशीच्या तशी ठेवायची आणि बटणांच्या तारांऐवजी या चार तारा आत द्यायच्या: तीन नंबरवर G1, दोनवर L1, एकवर G0 आणि शून्यावर L0. बाहेर काय येईल? उत्तर तीन किंवा एक आलं तर कुठल्यातरी G ने बाजी मारली, म्हणजे A मोठा. दोन किंवा शून्य आलं आणि V पेटला असेल तर कुठल्यातरी L ने, म्हणजे B मोठा. V विझलेला असेल तर कुणाचीच तक्रार नाही, संख्या समान. तीन आणि एक हे विषम अंक आहेत, त्यामुळे Y0 पेटणं म्हणजेच A मोठा:

```
A>B :  Y0
A=B :  V'
A<B :  V·Y0'
```

एक उदाहरण घेऊ. A = २ आणि B = १, म्हणजे बिटांत १० आणि ०१. डाव्या जागी A वरचढ, म्हणून G1 = १. उजव्या जागी B वरचढ, म्हणून L0 = १. दोन ‘रुग्णांनी’ एकदम बटण दाबलं, तीन नंबरच्या आणि शून्य नंबरच्या. एन्कोडर तीन नंबरचं ऐकतो, Y0 पेटतो, A मोठा. शून्य नंबरची तक्रार खरी होती, पण मोठ्यापुढे तिचं काही चाललं नाही.

या मार्गाने नॉट गेट सात लागतात, म्हणजे ७४०४ मध्ये मावत नाही, एक बाहेर उरतं. त्यामुळे पेपरात S1 वालंच उत्तर लिहावं, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. पण प्रायॉरिटी एन्कोडर तयार आयसीत मिळत असेल तर गणित बदलतं. ७४१४८ ही आयसी आठ इनपुटचा प्रायॉरिटी एन्कोडर आहे. चार बिटांच्या संख्यांच्या G3, L3, G2, L2, G1, L1, G0, L0 अशा तारा होतात किती? आठ. अगदी मोजून मापून! या आयसीच्या साऱ्या खुणा उलट्या असतात, तिथे ० म्हणजे ‘बोलावलंय’. म्हणून अँडऐवजी नँड गेट, म्हणजे दोन ७४००, आणि उत्तरंही उलटी वाचायची. व्यवहारात कुणी असं करणार नाही, कारण चार बिटांचा तयार कंपॅरेटर ७४८५ नावाने मिळतोच. पण तोंडी परीक्षेत हे सांगणारा विद्यार्थी भेटला तर परीक्षक क्षणभर पेन खाली ठेवेल, एवढं नक्की.

या कंपॅरेटरची एक मर्यादा ठाऊक असावी. नावातला ‘मॅग्निट्यूड’ उगाच नाही. त्याला फक्त अधिक चिन्हाच्या संख्या कळतात. चार बिटांत उणे एक लिहायचा तर टू’ज कॉम्प्लिमेंट पद्धतीत तो ११११ होतो आणि अधिक सात होतो ०१११. कंपॅरेटर डावं बिट बघतो आणि उणे एकला सातापेक्षा मोठा ठरवतो. त्याचा दोष नाही, चिन्हाच्या जागी १ म्हणजे ‘उणे’ हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या जोडणीत दुरुस्ती अगदी स्वस्तात होते: सर्वांत वरच्या दोन तारा, G3 आणि L3, आपसांत बदलायच्या. बाकी एकही गेट हलवायला नको.

दोन बिटांची जोडणी ब्रेडबोर्डवर झाली की तपासायची कशी? बहुतेक जण ३ आणि ० घालून बघतात, मग ० आणि ३, मग २ आणि २, दिवे बरोबर आले की सर्किट पूर्ण म्हणून सही घ्यायला येतात. पण समजा, घाईत D2' चा पहारेकरी राहून गेला आणि G0 ची तार थेट ऑर गेटात गेली, म्हणजे आतला एन्कोडर पुन्हा साधा झाला. तरी सोळा जोड्यांपैकी पंधरांची उत्तरं बरोबरच येतात. चूक दिसते ती एकाच जोडीत, जिथे L1 आणि G0 दोघे एकदम १ असतात. डाव्या जागी B वरचढ आणि उजव्या जागी A वरचढ, म्हणजे A = ०१ आणि B = १०. तिथे तुमचं सर्किट शांतपणे सांगेल की एक हा दोनपेक्षा मोठा आहे. तेव्हा पाच व्होल्ट चालू केल्यावर सगळ्यात आधी A ला १ आणि B ला २ द्या.